वर्गातले पहिले दहा पुढच्या चाचणीत खालीच का येतात?

कृष्णाकाठची बाई

मी आठवीला गणित शिकवते. वर्गात 58 मुलं आहेत. जुलैमध्ये 100 मार्कांचा सराव पेपर घेतला, वर्गाची सरासरी 61 आली. पहिल्या दहा जणांना पुढे बोलावून टाळ्या वाजवल्या, फळ्यावर नावं लिहिली. शेवटच्या दहांना मात्र थांबवून चांगलं खडसावलं आणि आठवड्यातून दोन दिवस जादा तास लावले.

ऑगस्टमध्ये दुसरा पेपर झाला. वर्गाची सरासरी 62, म्हणजे जवळपास तेवढीच. पण पहिल्या दहांची सरासरी 82 वरून 76 वर आली आणि शेवटच्या दहांची 40 वरून 49 वर गेली.

मुख्याध्यापक म्हणाले, "बघा बाई, शाबासकी दिली की मुलं सैलावतात, कान पिळला की सरळ येतात." आता कुणाचंही वर्गासमोर कौतुक करायचं नाही असं ठरतंय. माझं मन तयार होत नाही, पण आकडे तर समोर आहेत. बावीस वर्षांच्या नोकरीत हे मी आधीही पाहिलंय, फक्त असं मांडून बघितलं नव्हतं. काय समजायचं यातून?

माईआजी

आमच्या लहानपणी कुणी मुलाचं फार कौतुक केलं की आई लगेच मीठमोहऱ्या ओवाळायची. म्हणायची, दृष्ट लागते, पुढच्या वेळी घसरतं. आणि खरंच घसरायचं. मी स्वतः तीन मुलांच्या बाबतीत पाहिलंय. तेव्हा तुमचे मुख्याध्यापक म्हणतात त्यात काहीतरी असणार.

मैदानप्रेमी

बाई, हा सरासरीचा नियम आहे. नरेंद्र हिरवाणी आठवतो का? जानेवारी 1988, चेन्नई, पहिलीच कसोटी, समोर वेस्ट इंडीज, आणि 136 धावांत 16 बळी! पुढे सगळी कारकीर्द मिळून 17 कसोट्यांत 66 बळी. म्हणजे उरलेल्या 16 सामन्यांत 50, सामन्याला जेमतेम तीन. नशिबाने एकदा भरभरून दिलं की पुढे ते वसूल करतं. चांगल्या दिवसानंतर वाईट दिवस येणारच, हिशेब बरोबर व्हायला हवा ना. तुमच्या पहिल्या दहांचंही तेच झालं.

दहावीची आई

माझ्या मुलीला पहिल्या सराव परीक्षेत 91 होते, दुसरीत 84. क्लास बदलावा का? कुणाला साताऱ्यात गणिताचे चांगले सर माहीत आहेत का? मोबाइल तर काढूनच घेतलाय.

मोजणीदार

बाई, मी सांख्यिकीत नोकरी केली, आता निवृत्त आहे. कौतुकाचा निर्णय घ्यायच्या आधी तुमच्याच वहीतले आकडे जरा उलटे बघा. सोपं काम आहे. तुम्ही पहिल्या पेपरातले वरचे दहा धरून दुसऱ्या पेपरापर्यंत आलात. आता दुसऱ्या पेपरातले वरचे दहा धरा आणि जुलैत त्यांना किती होते ते पाहा. शेवटच्या दहांचंही तसंच करा. आकडे आले की इथे टाका, मग बोलू.

मैदानप्रेमी, हिरवाणीचं उदाहरण चोख आहे, पण "वसूल करतं" हे मला पटत नाही. त्यावर नंतर येतो.

कृष्णाकाठची बाई

काका, रात्री बसून केलं. दोनदा तपासलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

ऑगस्टच्या पहिल्या दहांची सरासरी 83. त्याच मुलांना जुलैत होते 76. ऑगस्टच्या शेवटच्या दहांची सरासरी 41, त्यांना जुलैत होते 47.

म्हणजे उलट बघितलं तर वरची मुलं चढलेली दिसतात आणि खालची उतरलेली! मग ऑगस्टमध्ये वर आलेल्यांना मी जुलैत काय केलं होतं? त्यातल्या निम्म्यांना मी काहीच म्हटलं नव्हतं, ती मधल्या बाकांवरची मुलं आहेत. पहिल्या दहांतले पाच जणच दुसऱ्यांदा पहिल्या दहांत आलेत, पाच नवे आहेत.

मोजणीदार

हेच दाखवायचं होतं. जुलैची शाबासकी ऑगस्टचे मार्क खाली आणू शकते असं घटकाभर मानू. पण ऑगस्टचा पेपर जुलैच्या मार्कांना हात लावू शकत नाही. तरीही उलट दिशेने बघितल्यावर तेवढंच अंतर कमी झालेलं दिसतं. तेव्हा या सहा-सात मार्कांचं बरंचसं कारण कौतुकात किंवा ओरडण्यात नाही. निवडण्याच्या पद्धतीतच ते आहे.

आता का, ते सांगतो. कुठल्याही मुलाचे मार्क दोन गोष्टींचे मिळून होतात. एक त्याची खरी पातळी, आणि दुसरा त्या दिवसाचा भाग: कोणते प्रश्न पडले, झोप झाली होती का, पर्यायी प्रश्नांत अंदाज बसला का, तपासणारा कसा होता. पातळी महिन्याभरात फारशी हलत नाही. दिवसाचा भाग मात्र दर पेपराला नव्याने येतो.

एका मुलाला 88 पडले असं धरा. दोन शक्यता आहेत. पातळी 82 ची आणि दिवस सहा मार्कांनी चांगला गेला, किंवा पातळी 94 ची आणि दिवस सहा मार्कांनी वाईट गेला. दिवस चांगला जाणं आणि वाईट जाणं सारखंच संभवतं, पण 82 पातळीची मुलं वर्गात 94 वाल्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतात. म्हणून 88 पडलेल्यांना एकत्र उभं केलं तर त्यांत चांगल्या दिवसवाल्यांचीच गर्दी निघते. तुम्ही "पहिले दहा" निवडलेत तेव्हा हुशार मुलं निवडलीत हे खरं, पण त्याबरोबर त्या दिवशी ज्यांचं जमून आलं तीही निवडलीत. पुढच्या पेपरात हुशारी टिकते, जमून येणं टिकत नाही. शेवटच्या दहांत हेच उलटं.

मैदानप्रेमी, वसुलीचा मुद्दा इथे येतो. दुसरा दिवस वाईट असावा लागत नाही, साधा असला तरी पुरतो. चेन्नईची ती खेळपट्टी फिरकीला साथ देणारी होती, समोरच्यांना हिरवाणीची गोलंदाजी फारशी ओळखीची नव्हती, शिवाय मनगटात दम होताच. पुढच्या सामन्यांत दम राहिला, बाकीचं नेहमीसारखं झालं. आणि आपण हिरवाणीबद्दलच का बोलतोय? त्या सोळा बळींमुळेच. पहिल्या कसोटीत दोन बळी घेऊन पुढे सामन्याला तीन घेणारा कुणी असेल तर त्याचं नाव या चर्चेत येणारच नाही.

कोथरूडकर

काकांचं म्हणणं मी करून बघितलं. खाली ज्या मुलांची नक्कल केली आहे त्यांना ना कुणी शाबासकी देतं, ना कुणी रागावतं. प्रत्येकाची एक पातळी, आणि दर पेपराला वेगळा दिवस, एवढंच.

```python
import random
mule = []
for i in range(100000):
    patali = random.gauss(61, 11.7)
    c1 = patali + random.gauss(0, 7.7)
    c2 = patali + random.gauss(0, 7.7)
    mule.append((c1, c2))
mule.sort(reverse=True)
var = mule[:17000]
print(sum(m[0] for m in var) / 17000)
print(sum(m[1] for m in var) / 17000)
```

वरची 17 टक्के मुलं घेतली, कारण 58 तले 10 म्हणजे साधारण तेवढेच. उत्तर सुमारे 82 आणि 76 येतं. बाईंच्या वर्गातलेच आकडे! पातळी आणि दिवस यांचा पसारा मी बाईंच्या आकड्यांना जुळेल असाच धरलाय, हे कबूल. पण मुद्दा एवढाच की कारण काहीही नसताना सहा मार्क खाली येतात.

एक शंका. असंच चालू राहिलं तर चार-पाच पेपरांत सगळेच 61 वर येतील ना?

मोजणीदार

नाही, आणि इथे बरेच जण फसतात. c2 चा पसारा काढून बघा, c1 एवढाच येईल. जुने दहा मधल्या बाजूला सरकले तरी त्यांच्या जागी मधले पाच जण वर गेले, हे बाईंनी लिहिलंच आहे. वर्ग होता तेवढाच पसरलेला राहतो, फक्त टोकावरची माणसं बदलतात.

आणखी एक. त्याच जुन्या दहांना तिसरा पेपर दिला तर सरासरी पुन्हा 76 च्या आसपासच येईल, 72 नाही. निवडीमुळे जी घसरण होते ती एकदाच होते. कारण दुसऱ्या पेपराच्या मार्कांवरून आपण त्यांना निवडलेलं नसतं. तिसऱ्या, चौथ्या पेपरातही उतरण चालू राहिली तर मग खरंच काहीतरी बिघडलंय आणि शोधायला हवं.

कृष्णाकाठची बाई

दिवसाचा भाग म्हणजे नेमकं काय, ते बघावं म्हणून एका मुलीचे दोन्ही पेपर काढले. तिला 91 होते, मग 79 पडले. तिच्यावर मी मनातून नाराज होते, आज लिहिताना वाईट वाटतंय.

पेपरात 40 मार्कांचे पर्यायी प्रश्न असतात, प्रत्येकी दोन मार्क. जुलैच्या पेपरात चार ठिकाणी तिने आधीचा पर्याय खोडून दुसरा लिहिलाय. चारही बरोबर, आठ मार्क. ऑगस्टमध्ये पाच ठिकाणी तसंच खोडलंय, त्यांतले तीन चुकले. खोडताना कागदावर उमटलेला शिसपेन्सिलीचा डागसुद्धा तसाच आहे. म्हणजे दोन्ही वेळा ती तेवढीच साशंक होती. एकदा चारपैकी चार लागले, एकदा पाचपैकी दोन. बाकी मांडणी, पायऱ्या, अक्षर, सगळं तेच. चक्रवाढ व्याजाचं गणित तर दुसऱ्या पेपरात जास्त नीट सोडवलंय.

डोंबिवलीचा प्रवासी

हे वाचून माझं रक्तदाबाचं प्रकरण आठवलं. कंपनीच्या शिबिरात वरचा आकडा 156 निघाला. घाबरून एका ओळखीच्याने सांगितलेला काढा सुरू केला. पंधरा दिवसांनी मोजलं तर 138. काढ्याचा मी इतका प्रचार केला की चार जणांनी तो घेतला. नंतर माझ्या डॉक्टरांनी समजावलं की शिबिरात ज्यांचा आकडा जास्त निघतो त्यांतल्या बऱ्याच जणांचा दुसऱ्यांदा आपोआप कमी निघतो, म्हणून त्या एका आकड्यावर सहसा निर्णय घेत नाहीत, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजतात. काढ्याने काही झालं की नाही, ते आता कळायचा मार्गच राहिला नाही.

मोजणीदार

तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तीच युक्ती वर्गातही चालते. निवड एका मोजणीवर करायची, पण तुलनेसाठी आधारआकडा त्यानंतरच्या दुसऱ्या मोजणीचा घ्यायचा, आणि उपाय त्यानंतर सुरू करायचा. औषध चालू असेल तर मात्र कुणी हे वाचून बंद करू नका.

माईआजी, तुमच्या आईंचं निरीक्षण खरं होतं. कौतुक कधी होतं? मूल नेहमीपेक्षा वर गेलं तेव्हाच. आणि नेहमीपेक्षा वर गेलेलं पुढच्या वेळी बहुतेक खाली येतं. डोळ्यांना दिसत होतं ते असं. ओवाळलं नसतं तरी ते दिसलं असतं.

हीच गोष्ट मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी इस्रायलच्या हवाई दलात पाहिली. उड्डाण शिकवणाऱ्या एका प्रशिक्षकाने त्यांना ठामपणे सांगितलं की चांगली कसरत केल्यावर वाहवा केली की पुढची बिघडते, आणि वाईट केल्यावर ओरडलं की सुधारते. काहनेमननी तिथल्या तिथे जमिनीवर एक खूण केली आणि प्रत्येकाला तिच्याकडे पाठ करून दोन नाणी मागे फेकायला लावली. पहिल्यांदा ज्यांचं नाणं खुणेजवळ पडलं त्यांतल्या बहुतेकांचं दुसरं लांब गेलं, आणि लांब पडलेल्यांचं जवळ आलं. त्या नाण्यांना कुणी शाबासकी दिली नव्हती. तुमच्या मुख्याध्यापकांना शिक्षकांच्या खोलीत हा खेळ करून दाखवा, पाच मिनिटं लागतात.

माईआजी

कळलं. नातीला सांगितलं तर ती म्हणाली, मग आजी, दर वेळी ओवाळून पुढच्या वेळी घसरलं तेव्हा तू काय म्हणायचीस? मी म्हटलं, मोहऱ्या कमी पडल्या असं म्हणायचो.

लातूरचे गुरुजी

एक विचारतो. तुम्ही सगळ्याचंच खापर निवडीवर फोडताय. मी तीस वर्षं कच्च्या मुलांचे जादा तास घेतलेत. ते काय सगळं फुकट गेलं? बाईंची खालची मुलं नऊ मार्कांनी वर आली आहेत, वरची सहानेच खाली गेली. नऊ आणि सहा सारखे नाहीत.

मोजणीदार

गुरुजी, प्रश्न अगदी बरोबर आहे. जादा तास फुकट गेले असं मी म्हणत नाही. किती उपयोग झाला ते या नऊवरून सरळ वाचता येत नाही, एवढंच म्हणतो. आधी काहीच केलं नसतं तर किती चढले असते ते काढायला हवं.

बाई, दोन्ही पेपरांचे मार्क एक्सेलमध्ये शेजारच्या रकान्यांत भरले असतील तर हे टाका: `=CORREL(B2:B59,C2:C59)`

येणारा आकडा सांगतो की पहिल्या पेपरातल्या सरासरीपासूनच्या अंतरापैकी साधारण किती हिस्सा दुसऱ्या पेपरात टिकतो. दोन्ही पेपरांचा पसारा सारखा असेल तर हे चालतं, आणि तुमचा जवळपास सारखाच दिसतोय.

कृष्णाकाठची बाई

0.7 आला.

मग मीच करून बघते, चुकलं तर सांगा. वरचे दहा जुलैत सरासरीच्या 21 वर होते. 21 च्या 0.7 पट म्हणजे 14.7. ऑगस्टची सरासरी 62, म्हणून 76.7 अपेक्षित. प्रत्यक्षात 76. शाबासकीने बिघडलं म्हणायला जागाच नाही. खालचे दहा 21 खाली होते. 62 मधून 14.7 गेले, 47.3 अपेक्षित. प्रत्यक्षात 49. म्हणजे जादा तासांच्या नावावर जेमतेम पावणेदोन मार्क?

मोजणीदार

बरोबर केलंत. पण दहाच मुलं आहेत. एकेका मुलाचा दिवसाचा भाग सात-आठ मार्कांनी सहज हलतो, तेव्हा दहा जणांच्या सरासरीत दोन-अडीच मार्क आपोआप इकडेतिकडे होतात. पावणेदोन हा जादा तासांचा गुण म्हणता येत नाही, आणि गुण नाही असंही म्हणता येत नाही.

दहावीच्या आईंनाही इथेच सांगतो. असा पेपर असेल तर दोन वेळच्या मार्कांत दहाचा फरक अगदी नेहमीचा. 91 वरून 84 एवढ्यावर क्लास बदलू नका. एकाच मुलीबद्दल दोन पेपरांवरून काहीच ठामपणे सांगता येणार नाही. आणखी दोन पेपर होऊ द्या.

कोथरूडकर

काका, एक खोच दिसते. 0.7 हा आकडा ज्या मार्कांवरून काढला त्यांत जादा तासांचा परिणाम आधीच मिसळलाय. समजा तासांमुळे खालची मुलं खरंच पाच मार्कांनी वर आली. मग दोन पेपरांचं नातं थोडं सैल झालं असेल, आकडा 0.75 ऐवजी 0.7 आला असेल. त्याच आकड्याने अपेक्षा काढली तर "आपोआप चढले असते" हा भाग जास्त धरला जाईल आणि तासांचं श्रेय आपण स्वतःच खाऊन टाकू.

मोजणीदार

खोच खरी आहे, हे मी आधीच सांगायला हवं होतं. ज्या वर्षी जादा तास नव्हते त्या वर्षीचे दोन पेपर घेऊन हा आकडा काढायला हवा. सरासरीकडे झुकण्याची ही गोष्ट पहिल्यांदा मोजून दाखवणारे इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॅल्टन यांच्या कामात ही अडचण नव्हती, कारण उंची वाढवायला कुणी जादा तास घेत नव्हतं. 1886 साली त्यांनी 928 मोठ्या झालेल्या मुलांच्या उंच्या 205 आईबापांच्या जोड्यांशी ताडून पाहिल्या. आईबाप सरासरीपेक्षा जितके उंच, त्याच्या दोन तृतीयांशानेच त्यांची मुलं सरासरीपेक्षा उंच निघाली. आणि उलट दिशेने, उंच मुलं धरून आईबाप पाहिले, तर तेही सरासरीकडे झुकलेले. बाईंनी रात्री बसून केलं ते हेच.

लातूरचे गुरुजी

मग उत्तर मिळायचा सरळ रस्ता कोणता?

मोजणीदार

खालच्या दहांच्या चिठ्ठ्या टाकून पाच जणांना तास द्यायचे, पाचांना नाही. आपोआप चढणं दोन्हीकडे सारखंच होईल, उरलेला फरक तासांचा. मुलं थोडी आहेत, म्हणून दोन-तीन तुकड्या मिळून करावं लागेल.

लातूरचे गुरुजी

हे मला जमणार नाही. खाली बसलेल्या पाच पोरांना सांगायचं, तुमची चिठ्ठी निघाली नाही, घरी जा? नक्की आकडा मिळवायला मी पोरांचा महिना घालवणार नाही. 49 आलेल्या पोराला पुढच्या इयत्तेत काय अडणार ते मला आजही कळतं.

डोंबिवलीचा प्रवासी

निम्म्यांना आत्ता आणि निम्म्यांना महिन्याने दिले तर? मध्ये एक पेपर घ्यायचा. तास सगळ्यांनाच मिळतील.

लातूरचे गुरुजी

महिन्याने चालेल, पण त्याहून जास्त थांबणार नाही. आणि पालकांना आधी सांगावं लागेल.

कृष्णाकाठची बाई

मुख्याध्यापकांच्या खोलीत नाणी फेकली. अकरा शिक्षक होतो. पहिल्यांदा सगळ्यांत जवळ ज्यांचं नाणं पडलं ते चित्रकलेचे सर, त्यांचं दुसरं कपाटाखाली गेलं. मुख्याध्यापक हसले नाहीत, दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले वरच्या मुलांचं मान्य, जादा तासांचं अजून मान्य नाही. फळ्यावर नावं लिहायला परवानगी मिळाली आहे. मी 79 वालीचंही नाव लिहिलं, चक्रवाढ व्याजाच्या त्या गणिताबद्दल.

सप्टेंबरचा पेपरही झाला. जुलैच्या त्याच पहिल्या दहांची सरासरी 77. आणखी खाली गेली नाही. शेवटच्या दहांची 50. त्यांचे तास चालूच आहेत, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही, हे आता मलाही समजतंय.

गेल्या वर्षी जादा तास नव्हते. ती निकालपत्रकं कपाटात सापडली, हाताने लिहिलेली आहेत. पेपरचा आराखडा तेव्हा थोडा वेगळा होता, पर्यायी प्रश्न कमी होते, त्याने आकडा बदलेल का काका? 54 पैकी 31 मुलांचे मार्क भरून झालेत, उरलेले उद्या भरते.